‘तिकीट टू राइड’मध्ये लांब मार्ग कोणता आधी घ्यायचा: नवख्यांसाठी मार्गदर्शक

‘तिकीट टू राइड’ हा अ‍ॅलन मून यांचा खेळ २००४ साली आला आणि त्याच वर्षी त्याला जर्मनीचा वर्षातल्या सर्वोत्तम खेळाचा पुरस्कार मिळाला. नियम दहा मिनिटांत समजतात. खरा गोंधळ उडतो तो तिसऱ्या-चौथ्या डावात. हातात मोठं तिकीट असतं, नकाशावर सहा डब्यांचे तीन लांब मार्ग घ्यायचे असतात, आणि नेमका आपल्याला हवा तो मार्ग शेजारच्याने घेतलेला असतो.

हा लेख तेवढ्यापुरताच आहे. मूळ अमेरिकेचा नकाशा आणि तीन खेळाडू धरले आहेत. लॉस एंजेलिस ते मायामी हे २० गुणांचं तिकीट उदाहरणाला घेतलं आहे, कारण त्याच्या वाटेवर सहा डब्यांचे तीन मार्ग येतात आणि तिन्हींना असलेला धोका वेगवेगळा आहे.

काय जवळ हवं

- खेळाचा डबा: प्रत्येकाला ४५ डबे, रंगांचे ११० पत्ते, ३० तिकिटं
- कागद-पेन्सिल (पहिल्या काही डावांत तरी)
- गुणांचा तक्ता डोळ्यांसमोर: १ डब्याला १ गुण, २ ला २, ३ ला ४, ४ ला ७, ५ ला १० आणि ६ ला १५

या तक्त्यामुळेच लांब मार्गांचा मोह पडतो. सहाचा एक मार्ग घ्यायला साधारण तीन चाली पत्ते उचलण्यात आणि एक चाल डबे लावण्यात जाते, म्हणजे चार चालींत १५ गुण. त्याच सहा डब्यांचे तीन-तीनचे दोन मार्ग केले तर पाच चाली जातात आणि मिळतात ८ गुण. म्हणून टेबलावरच्या सगळ्यांचीच नजर लांब मार्गांवर असते. सहाचे मार्ग नकाशावर फक्त नऊ आहेत: आठ रंगांचा प्रत्येकी एक आणि एक राखाडी. नऊच्या नऊ एकेरी आहेत. एकाने घेतला की बाकीच्यांसाठी तो संपला.

१. डबे लावण्याआधी वाट कागदावर मांडा

समजा, सुरुवातीला तुम्हाला तीन तिकिटं आली: लॉस एंजेलिस–मायामी (२०), कॅन्सस सिटी–ह्यूस्टन (५) आणि व्हँकुव्हर–मॉन्ट्रियल (२०). किमान दोन ठेवावी लागतात. व्हँकुव्हरचं परत करा. ते नकाशाच्या पार वरच्या कडेने जातं आणि दोन्ही टोकांना पुरतील एवढे डबे व वेळ तीन जणांच्या डावात सहसा मिळत नाही. कॅन्ससचं तिकीट छोटं असलं तरी ते ह्यूस्टनला मायामीच्या वाटेला येऊन मिळतं, म्हणून ते ठेवायचं.

आता मायामीची वाट मांडा:

- लॉस एंजेलिस–एल पासो: ६, काळा
- एल पासो–ह्यूस्टन: ६, हिरवा
- ह्यूस्टन–न्यू ऑर्लिन्स: २, राखाडी
- न्यू ऑर्लिन्स–मायामी: ६, लाल

एकूण २० डबे, नुसत्या मार्गांचे ४७ गुण आणि तिकिटाचे २० वेगळे. कॅन्सस सिटीसाठी ओक्लाहोमा सिटी (२), डॅलस (२) आणि ह्यूस्टन (१) असे आणखी पाच डबे. पंचवीस डब्यांत दोन्ही तिकिटं पुरी होतात आणि वीस हाताशी उरतात.

यात एक फाटा आहे आणि बरेच जण तो घेतात. एल पासोहून ह्यूस्टनला थेट न जाता डॅलसवरून गेलं तर ४ आणि १, म्हणजे पाचच डबे लागतात. शिवाय डॅलस–ह्यूस्टन आपल्याला दुसऱ्या तिकिटासाठी हवाच आहे. दिसायला उत्तम. पण एल पासो–डॅलस लाल आहे आणि न्यू ऑर्लिन्स–मायामीसुद्धा लालच. दोन्ही मिळून दहा लाल पत्ते, आणि अख्ख्या गड्डीत लाल आहेत बारा. बाकीचं इंजिनांनी भागवायचं म्हटलं, तर इंजिनं चौदा आणि त्यांवर सगळ्यांचा डोळा. म्हणून आधी हिरवा मार्ग धरायचा आणि डॅलसचा फाटा अडचणीच्या वेळेला राखून ठेवायचा. वाट मांडताना डबे मोजता तसे रंगही मोजा.

२. प्रत्येक मार्गासमोर वळसा लिहा

पुढचा सगळा निर्णय या पायरीवर उभा आहे, म्हणून इथे घाई करू नका. प्रत्येक मार्गाबद्दल स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: हा आत्ता दुसऱ्याने घेतला तर मी कुठून जाईन, आणि त्याची किंमत काय?

लॉस एंजेलिस–एल पासो गेला तर फिनिक्सवरून जाता येतं: ३ आणि ३, दोन्ही राखाडी, म्हणजे कुठल्याही एका रंगाचे पत्ते चालतात. डबे तेवढेच लागतात, एक चाल जास्त जाते आणि १५ ऐवजी ८ गुण मिळतात. नुकसान सात गुणांचं, पण तिकीट जिवंत.

एल पासो–ह्यूस्टन गेला तर डॅलसवरून. डॅलस–ह्यूस्टन तुमच्याकडे आधीच असेल, तर फक्त चार डबे आणखी. आठ गुण कमी होतात, दोन डबे वाचतात आणि लाल पत्त्यांची ओढाताण सुरू होते. तरीही निभतं.

न्यू ऑर्लिन्स–मायामी गेला तर मात्र प्रकरण वेगळं आहे. मायामीत शिरायला तीनच दारं आहेत: न्यू ऑर्लिन्सहून लाल ६, अटलांटाहून निळा ५ आणि चार्ल्सटनहून जांभळा ४. तिन्ही एकेरी. लाल गेला की न्यू ऑर्लिन्स–अटलांटा (४) आणि अटलांटा–मायामी (५) असे नऊ डबे. गुण सतरा मिळतात, म्हणजे वरवर पाहता फायदाच. पण सहा पत्ते आणि एक चाल याऐवजी आता दोन नव्या रंगांचे नऊ पत्ते आणि दोन चाली लागतात, आणि आधी जमवलेले लाल पत्ते हातात पडून राहतात. साधारण तीन चालींचा तोटा. अटलांटा–मायामीही कोणी घेतला असेल, तर अटलांटा–चार्ल्सटन–मायामी असा दहा डब्यांचा फेरा. तोही बंद झाला तर तिकीट बुडालं. बुडालेल्या तिकिटाचे २० मिळत नाहीतच, उलट २० कापले जातात, म्हणजे चाळीस गुणांचा फरक.

राहिले छोटे मार्ग. ह्यूस्टन–न्यू ऑर्लिन्स गेला तर डॅलस–लिटल रॉक–न्यू ऑर्लिन्स, म्हणजे दोनाऐवजी पाच डबे. डॅलस–ह्यूस्टन गेला तर कॅन्सस सिटीहून सेंट लुइस, लिटल रॉक, न्यू ऑर्लिन्स अशी वाट धरावी लागते. पाच गुणांच्या तिकिटासाठी पाचाऐवजी नऊ डब्यांची वाट, त्यातले शेवटचे दोन मायामीच्या वाटेत आधीच मोजलेले.

३. मार्ग कोणाकोणाला हवा आहे ते मोजा

वळसा महाग असला तरी त्या मार्गाकडे कोणी फिरकणारच नसेल, तर घाई कशाला? म्हणून दुसरा प्रश्न: आणखी कोणाला हा लागू शकतो, आणि घ्यायला त्याला किती पत्ते पुरतात?

डॅलस–ह्यूस्टनवर माझा सर्वांत जास्त अविश्वास आहे. नकाशावर तो दुहेरी दिसतो, पण दोन किंवा तीन खेळाडू असतील तर दुहेरी मार्गांतला एकच वापरता येतो. नवखे हमखास इथे फसतात. विनिपेग–ह्यूस्टन, दुलुथ–ह्यूस्टन आणि कॅन्सस सिटी–ह्यूस्टन ही तिन्ही तिकिटं उत्तरेकडून येऊन साधारण याच एका डब्यावर उतरतात, आणि तो घ्यायला कुठल्याही रंगाचा एक पत्ता पुरतो. तो मार्ग पहिल्या दोन-तीन चालींत घेऊन टाका. एका डब्यावरून तुमचं मोठं तिकीट कोणाला कळत नाही. डॅलसच्या आसपास कोणाचंही काहीही काम असू शकतं.

लांब मार्गांचं गणित उलटं आहे. लाल सहा घ्यायला कोणाला तरी लाल पत्ते जमवावे लागतात, आणि ते जमवताना दिसतात, कारण गड्डीतून आंधळेपणाने उचलून एकाच रंगाचे सहा जमत नाहीत. ११० पत्त्यांत लाल बारा आणि इंजिनं चौदा, म्हणजे चारातला जेमतेम एक पत्ता कामाचा. त्यामुळे समोरच्या पाच उघड्या पत्त्यांतून लाल उचलावेच लागतात. कोण काय उचलतोय ते बघत राहा. कोणी दोनदा एकच रंग उघड्यावरून उचलला, तर त्या रंगाचे मार्ग नकाशावर शोधा आणि त्याच्या डब्यांच्या टोकाजवळ कोणता येतो ते पाहा.

राखाडी लांब मार्गाला हे लागू नाही. विनिपेग–सू सेंट मरी हा सहाचा राखाडी मार्ग कुठल्याही रंगाने घेता येतो, म्हणून त्याची आगाऊ चाहूल लागत नाही. पण त्याचा वळसा दुलुथवरून ४ आणि ३, म्हणजे फक्त एक डबा जास्त. उत्तरेचं तिकीट असेल तर हे लक्षात ठेवा.

४. तिन्ही रंग एकत्र जमवा

वरचं वाचून कोणी म्हणेल की मायामी धोक्याचं आहे, मग आधी फक्त लाल जमवू. तसं करू नका. एका रंगावर बसलात तर चारातले तीन पत्ते वाया जातात आणि तुमचा बेत सगळ्यांना दिसतो. काळा, हिरवा, लाल तिन्ही हवे असतील, तर छत्तीस रंगीत आणि चौदा इंजिनं मिळून पन्नास पत्ते कामाचे होतात, म्हणजे ११० पैकी जवळजवळ निम्मे. उरलेले रंगही फुकट जात नाहीत, कारण पिवळ्याची जोडी आली तर ह्यूस्टन–न्यू ऑर्लिन्सला लागते.

थोडक्यात, ‘आधी कोणता’ हा प्रश्न पत्ते उचलताना फारसा येत नाही. तो येतो दोन मार्ग एकाच वेळी घेण्याजोगे होतात तेव्हा.

इंजिनं लांब मार्गांसाठी राखा. दोन डब्यांच्या राखाडी मार्गावर इंजिन घालवलं की चार-पाच चालींनी त्याची आठवण होते. आणि उघडं इंजिन उचललं तर त्या चालीत दुसरा पत्ता मिळत नाही, म्हणून ते तेव्हाच उचला जेव्हा त्या एका पत्त्याने मार्ग पुरा होतो.

५. निर्णयाचा क्षण: एक डाव मध्यावर

आता समजा, डॅलस–ह्यूस्टन तुमच्याकडे आहे आणि हातात पंधरा पत्ते आहेत: ५ लाल, ४ काळे, २ हिरवे, २ पिवळे, २ इंजिनं. निळ्या डब्यांचा खेळाडू शिकागोहून सेंट लुइसमार्गे नॅशव्हिलला पोहोचला आहे. हिरव्या डब्यांची खेळाडू सॅन फ्रान्सिस्को–लॉस एंजेलिस लावून बसली आहे आणि गेल्या चालीत तिने दोन उघडे काळे उचलले.

तुमच्यासमोर तीन पर्याय आहेत. पाच लाल आणि एक इंजिन देऊन मायामी. चार काळे आणि दोन इंजिनं देऊन लॉस एंजेलिस–एल पासो. किंवा दोन पिवळे देऊन ह्यूस्टन–न्यू ऑर्लिन्स.

डोळ्यांत भरणारा धोका पश्चिमेला आहे. लॉस एंजेलिसला बसून काळे उचलणारीला आणखी काय हवं असणार? मन म्हणतं, ते आधी वाचव. पण वळशांची यादी काढा. तिने तो घेतला तर तुमचं नुकसान सात गुण आणि एक चाल.

निळा खेळाडू नॅशव्हिलला आहे. तिथून अटलांटा एका डब्यावर. तो अटलांटालाच थांबेल, की पुढे मायामीला जाईल, हे कळायला मार्ग नाही. टोरंटो–मायामी हे तिकीट असू शकतं. तो अटलांटा–मायामी घेईल, तर तुमचा लाल मार्ग त्याने घेतलेला नसेल, पण तुमचा वळसा त्याने बंद केलेला असेल. यापुढे न्यू ऑर्लिन्स–मायामी कोणीही, अगदी नुसत्या १५ गुणांसाठी, घेतला तरी तुम्ही चार्ल्सटनच्या फेऱ्यावर. अडवणूक अशी दोन टप्प्यांत होते. आधी वळसा जातो, मग मार्ग, आणि वळसा गेला तेव्हा आपलं लक्ष नसतं.

म्हणून आत्ता मायामी. त्यात एकच इंजिन जातं, हेही बरं. पुढच्या चालीत पिवळी जोडी ह्यूस्टन–न्यू ऑर्लिन्सला लावावी, कारण मायामीपासून आलेली लाल रेघ पाहून पश्चिमेकडे काय येणार हे आता कोणीही ओळखेल. आमच्या घरी भाचा अशा वेळी अगदी गोड आवाजात विचारतो, “मामा, तुला ह्यूस्टनला जायचंय ना?” आणि उत्तराची वाट न बघता दोन पत्ते टाकतो.

एका गोष्टीला मात्र याहून आधी मान द्या. तुम्ही मायामी घेतल्यावर हिरवीने लगेच लॉस एंजेलिस–एल पासो घेतला, तर पिवळी जोडी बाजूला ठेवा आणि त्याच चालीत तीन काळे पत्ते देऊन लॉस एंजेलिस–फिनिक्स लावा. आतापर्यंत जो वळसा होता तोच आता एकमेव जवळचा मार्ग झाला. तोही गेला तर लास व्हेगास, सॉल्ट लेक सिटी, डेन्व्हर, सांता फे करत एल पासोला यायला बारा डबे लागतात. कोणी कुठलाही मार्ग घेतला की यादी नव्याने बघायची, ती याचसाठी. कागदावर लिहिलेले आकडे खोडायला पेन्सिल हवी, पेन नव्हे.

एल पासो–ह्यूस्टनची घाई शेवटपर्यंत नाही. दोन हिरवे हातात आहेत, डॅलसचा फाटा शाबूत आहे, आणि लाल मायामीला लागून गेल्यामुळे नव्याने येणारे लाल आता तिकडे वळवता येतात. एल पासो–डॅलस कोणी घेतला, तर मात्र हिरवा मार्ग एकदम यादीच्या वर चढतो.

६. किती काळ पत्ते धरून बसायचं

काही जण वीस-पंचवीस पत्ते जमेपर्यंत एकही डबा लावत नाहीत आणि मग एकामागून एक मार्ग टाकतात. दोघांच्या डावात हे चालून जातं, कारण अडवणारा एकच असतो. तिघांत दुहेरी मार्ग बंद आणि माणूस एक जास्त, म्हणून नकाशा सर्वांत जास्त आवळतो. चार किंवा पाच जणांत दुहेरी मार्ग दोन्ही बाजूंनी खुले होतात, पण सहाचे मार्ग तेव्हाही एकेरीच. चौघांत मायामीची घाई तेवढीच राहते, डॅलस–ह्यूस्टनची कमी होते.

माझा ठोकताळा असा: ज्याचा वळसा दोनपेक्षा जास्त डब्यांनी महाग आहे, तो मार्ग पत्ते पुरे होताच लावायचा. ज्याचा वळसा जवळपास फुकट आहे, त्याचे पत्ते धरून ठेवले तरी चालतात, आणि धरून ठेवल्याने बेत झाकला जातो.

७. हमखास फसण्याच्या जागा

एका चालीत एकच मार्ग घेता येतो. हातात तीन मार्गांचे पत्ते असणं म्हणजे तीन मार्ग असणं नव्हे. त्यांना अजून तीन चाली लागणार आहेत आणि मधल्या चालींत बाकीचे दोघे खेळणार आहेत.

राग म्हणून अडवू नका. एका डब्याने समोरच्याचा रस्ता मोडता येत असेल आणि तो मार्ग तुमच्या वाटेतही असेल, तर जरूर घ्या. निव्वळ त्रास द्यायला चाल घालवली, तर त्याचं नुकसान होईल आणि फायदा तिसऱ्याचा.

लाल दिसेनासे झाले तर टाकलेल्या पत्त्यांचा ढीग आठवा. कोणी लालचा मोठा मार्ग घेतला असेल तर ते पत्ते गड्डी संपून पुन्हा पिसेपर्यंत परत येत नाहीत. अशा वेळी ‘अजून एक लाल येईल’ म्हणत बसण्यापेक्षा इंजिन वापरून मोकळं व्हा.

आणि शेवट मोजा. कोणाकडेही दोन किंवा त्याहून कमी डबे उरले की त्याच्यासकट प्रत्येकाला एकच चाल मिळते आणि डाव संपतो. समोरच्याकडे चौदा डबे आणि पत्त्यांचा जाडजूड गठ्ठा असेल, तर त्याला सहाचे दोन मार्ग पुरतात. तेव्हा तुमच्या हातात किती चाली आहेत ते बोटांवर मोजा. दोनच मार्ग बाकी असतील आणि वेळ एकाचाच असेल असं वाटलं, तर मघाची सगळी क्रमवारी सोडा आणि ज्या मार्गाने तिकीट पुरं होतं तो लावा, मग तो दोन डब्यांचा का असेना.